माळ्यावरची शिवलेली वही आणि बाइंडिंगचं टेबल

लहानपणीच्या छंदातून काही ठोस काम उभं करायचं मनात असेल, तर आठवणींवर विसंबू नका. माळ्यावरच्या वस्तू खाली काढा. आठवणीत राहतं ते कौतुक झालेलं: गणपतीत म्हटलेलं गाणं, शाळेच्या प्रदर्शनात लागलेलं चित्र. जे काम कुणी बघत नसतानाही आपण वर्षानुवर्षं करत होतो, ते मागे पडतं आणि ट्रंकेच्या तळाशी सापडतं.

मी वडोदऱ्यात बाइंडिंगचं काम करते आणि शिकायला येणाऱ्यांना शिकवते. इथे जे सांगणार आहे ते दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वहिनींच्या उदाहरणावरून सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर काहीतरी स्वतःचं सुरू करायचं त्यांच्या मनात होतं, पण काय, ते ठरत नव्हतं. कामाचा प्रकार तुमचा वेगळा असेल, तरी शोधण्याची रीत हीच ठेवा. एका कामाचा शेवटपर्यंत माग काढला की बाकीच्यांचा कसा काढायचा ते कळतं.

पहिली पायरी: खाली काढा आणि लिहा

सगळं जमिनीवर मांडा. अर्धवट राहिलेलं आधी, पूर्ण झालेलं नंतर. प्रत्येक वस्तूसमोर तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं होतं, कुठे थांबलं, का थांबलं. तिसऱ्या प्रश्नाला "वेळ नव्हता" असं उत्तर येईल. ते चालवून घेऊ नका, वस्तूकडे पुन्हा बघा.

वहिनींच्या ट्रंकेत पाच गोष्टी निघाल्या. पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम, कच्छी भरतकामाचा अर्धा टेबलक्लॉथ, एक बुलबुल तरंग, सुतळीने बांधलेला हाताने शिवलेल्या वह्यांचा गठ्ठा, आणि आजोबांची भजनांची वही. या शेवटच्या वहीचं कव्हर त्यांनी कॉलेजात असताना नवीन करायला घेतलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं.

तिकिटांचं उत्तर सरळ होतं. घरी पत्रं येणं थांबलं, तसा आल्बमही थांबला. भरतकाम शाळेच्या तासाला सुरू झालं होतं. कडेची नक्षी सुबक आणि आतली भरण कोरी, म्हणजे जिथे तोच टाका शेकडो वेळा घालायचा तिथेच हात थांबला होता. बुलबुल तरंग काकांनी आणून दिलं, एका गणेशोत्सवात वाजवलं, पुढे नाही. तिन्ही छंद चांगलेच, पण त्यांच्यामागे कामाची ओढ दिसत नव्हती.

वह्यांचा गठ्ठा मात्र वेगळं काही सांगत होता. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून रफ वही शिवायची, हे आपल्यापैकी पुष्कळांनी केलंय. वहिनींनी ते पाचवीपासून दहावीपर्यंत केलं, आणि गठ्ठा वर्षांच्या क्रमाने लावल्यावर एक गोष्ट समोर आली. पहिल्या वह्या कडेने दाभणाने टोचून शिवलेल्या, त्यामुळे पूर्ण उघडत नव्हत्या. सातवीच्या सुमाराला त्यांनी पानं मधोमध दुमडून घडीतून दोरा घालायला सुरुवात केली होती. त्यानंतर कव्हरला कॅलेंडरचा जाड कागद आला, मग पाठीवर कापडाची पट्टी आली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काही वह्या मैत्रिणींना दिलेल्या होत्या, आणि एकीने शेवटच्या पानापर्यंत भरलेली वही परत दिली होती, तीही गठ्ठ्यात होती.

शोधायच्या खुणा याच: एका नगापासून पुढच्या नगापर्यंत न सांगता झालेली सुधारणा, आणि दुसऱ्याने ती वस्तू खरोखर वापरल्याचा पुरावा. "मला खूप आवडायचं" याला मी त्यामानाने कमी किंमत देते.

दुसरी पायरी: थांबण्याचं कारण तपासा

काम थांबण्याची कारणं ढोबळमानाने तीन. गरज संपली, कंटाळा आला, किंवा साहित्य आणि माहिती कमी पडली. पहिली दोन असतील तर ते काम आठवण म्हणून जपा. तिसरं असेल तर ते आज सुटू शकतं, कारण तेव्हा हातात नसलेले पैसे आणि माणसं आज असतात.

वहिनींच्या वह्या थांबल्या त्या कोरी पानं संपली म्हणून. कॉलेजात सुट्या फुलस्केप कागदांवर लिहिणं सुरू झालं, वह्याच उरल्या नाहीत. शिवाय कडा ब्लेडने कापल्यामुळे वेड्यावाकड्या येत आणि त्यांना ते खुपायचं. दोन्ही कारणं साहित्याची.

भजनांच्या वहीचं काय झालं होतं ते जास्त महत्त्वाचं, कारण अर्धवट सोडलेल्या कामात आपलं अज्ञान नेमकं कुठे होतं ते दिसतं. त्यांनी नवा पुठ्ठा कापून त्यावर सुरेख कागद खळीने चिकटवला होता. वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला. "मला वाटलं खळच बिघडली, म्हणून सोडून दिलं," वहिनी म्हणाल्या. खळ चांगली होती. वाकण्याची कारणं दोन होती आणि ती समजायला तासभर पुरतो, म्हणून इथे नीट सांगते.

कागद आणि पुठ्ठा बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. प्रेसवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतू ओला झाला की जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. म्हणून खळ लावलेला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आकसतो. पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेला कागद आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून अस्तराचा कागद लावला की तो उलट ओढतो आणि पुठ्ठा सरळ राहतो. वहिनींनी अस्तर लावायच्या आधीच पुठ्ठा मोकळा वाळवला होता, आणि कागदाचा ग्रेन पुठ्ठ्याच्या ग्रेनला आडवा होता.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ रेघेत फाटेल. आडवं फाडा, फाट भलतीकडेच जाईल. म्हणजे त्यात ग्रेन उभा आहे. चांगला कागद फाडायचा नसेल तर घडी न पाडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून हाताने दाबून बघा. ज्या दिशेला कमी विरोध जाणवतो, वाकण्याची ती रेघ ग्रेनला समांतर असते. पुठ्ठ्यालाही हीच परीक्षा. वहीचा नियम एकच: पानं, पुठ्ठा, अस्तर आणि कव्हर, सगळ्यांचा ग्रेन पाठीला समांतर, म्हणजे वरून खाली.

बाजारातला ए-फोर कागद बहुधा लांबीकडे ग्रेन असलेला मिळतो. तो मधोमध दुमडून छोटी वही केली की ग्रेन पाठीला आडवा येतो. घडी खरखरीत पडते, पानं उघडी ठेवली तरी ताठ उभी राहतात आणि पावसाळ्यात पाठीजवळ लाटा येतात. नवख्या माणसाची पहिली वही बहुतेक इथेच बिघडते, आणि तो मात्र शिवणीला दोष देत बसतो.

तिसरी पायरी: एक नको, दहा करा

एक सुंदर नग करणं म्हणजे छंद. धंदा व्हायचा असेल तर तेच काम सलग परत परत करावं लागतं, म्हणून परीक्षा दहा नगांची घ्या. वहिनींना मी दहा सारख्या वह्या करायला सांगितल्या, कृती अशी.

कागदवाल्याकडून 23 बाय 36 इंचाचा, 90 जीएसएमचा मोठा ताव घ्या आणि ग्रेन 36 इंचाच्या बाजूने आहे ना ते विचारा. न विसंबता स्वतः वाकवून बघा. एका तावातून साडेअकरा बाय नऊ इंचाचे आठ तुकडे निघतात. तुकडा मधोमध दुमडला की पावणेसहा बाय नऊ इंचाचं पान होतं आणि ग्रेन आपोआप पाठीला समांतर येतो. चार तुकडे एकात एक घालून एक जुज करायचा, आणि असे आठ जुज म्हणजे एक वही: 64 पानं, दोन्ही बाजू धरून 128 पृष्ठं. एका वहीला चार मोठे ताव पुरतात. जुजात चारपेक्षा जास्त तुकडे घालण्याचा मोह आवरा, नाहीतर आतली पानं बाहेर सरकतात आणि घडी फुगते.

घडी बोटाने नको, हाडाच्या किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्टीने घाला. सगळे जुज एकावर एक ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. ही रात्र वाचवायला गेलात तर शिवलेली वही बंद राहत नाही.

मग प्रत्येक जुजाच्या घडीत सहा भोकं. दोन टोकांपासून साधारण सव्वा सेंटिमीटर आत, बाकी चार मध्ये सारख्या अंतरावर. जाड कागदाची एक पट्टी मापाला करून ठेवली तर सगळ्या जुजांची भोकं एका रेषेत येतात. दोरा मजबूत सुती किंवा लिननचा, मेणावरून ओढून घेतलेला, बारीक. जाड दोरा नको, कारण प्रत्येक जुजाबरोबर दोऱ्याची जाडी पाठीत साठत जाते आणि वही पाठीला फुगून कडेला चपटी दिसते. एका वहीला दोन मीटरहून थोडा जास्त दोरा लागतो. पहिला जुज आतबाहेर शिवा, दुसरा त्यावर ठेवून उलट दिशेने परत या, टोकाला गाठ मारा. तिसऱ्या जुजापासून टोकाला आलात की सुई खालच्या दोन जुजांमधल्या टाक्याखालून काढून फास घाला, म्हणजे जुज एकमेकांना धरून राहतात. बाइंडर याला जुजबंदी म्हणतात. दोरा ताणताना पाठीला समांतर ताणा. वर ओढला तर भोक फाटतं, आणि फाटलेलं भोक दुरुस्त होत नाही, तो तुकडाच बदलावा लागतो.

शिवून झाल्यावर पाठीवर पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे फेव्हिकॉल पद्धतीच्या गोंदाचा, पातळ थर द्या, जुजांच्या मधल्या फटींत बोटाने चोळा आणि बँडेजच्या जाळीची पट्टी लावा. पट्टी पाठीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. पहिल्या आणि शेवटच्या जुजाला अस्तराचा दुमडलेला कागद पाठीशी चार-पाच मिलिमीटर गोंद लावून चिकटवा.

आता तीन कडा छाटायच्या. ब्लेडने नको. जवळच्या प्रेसमध्ये जा, त्यांच्या कटिंग मशीनवर सगळा लॉट एकदम छाटून मिळतो. वहिनींना लहानपणी खुपणारी वेडीवाकडी कड इथे संपली. छाटल्यावर पान साधारण 22.3 बाय 14.3 सेंटिमीटरचं उरलं. त्यावर दोन मिलिमीटर जाड पुठ्ठा 22.9 बाय 14.0 सेंटिमीटर कापला: उंचीला दोन्हीकडून तीन-तीन मिलिमीटर बाहेर येईल असा, रुंदीला कमी, कारण पाठीची पट्टी आणि पुठ्ठा यांच्यात आठ मिलिमीटरची फट सोडावी लागते. ही फट म्हणजे वहीची बिजागरी. ती पाच मिलिमीटर ठेवलीत तर कव्हर उघडताना पहिलं पान ओढलं जातं, आणि बारा ठेवलीत तर आतला भाग डुलतो.

कापड किंवा कागद पुठ्ठ्यावर चिकटवताना मी अर्धा पांढरा गोंद आणि अर्धी मैद्याची खळ वापरते. नुसता गोंद लवकर धरतो, मग वाकडं बसलेलं सरळ करता येत नाही. नुसत्या खळीत पाणी जास्त. शेवटी अस्तराचा कागद पुठ्ठ्याला चिकटवला की अस्तर आणि पानं यांच्यामध्ये मेणकागद ठेवा, म्हणजे ओल पानांत उतरत नाही, आणि वही फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात दोन रात्री. खळ एका दिवसात संपेल एवढीच करा. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे, घरात मुलं असताना तर नकोच.

दहा वह्या करताना एका कागदावर वेळ टिपायचा, तोही पहिल्या वहीचा नाही. आठव्या, नवव्या, दहाव्या वहीचा वेळ खरा. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायची: कोणतं काम तुम्ही पुढे ढकलता? वहिनी कापड निवडण्यात रमतील असं मला वाटलं होतं. झालं उलटं. कापडाचा कंटाळा केला, पण शिवणीला बसल्या की जेवायची आठवण राहत नसे. ऐंशी जुज त्यांनी न कंटाळता शिवले. ज्या बाईचं भरतकाम भरणीत अडलं होतं, तिलाच इथे तोच टाका परत परत घालताना थकवा येत नव्हता, तेव्हा मला खात्री वाटली. तुमच्या बाबतीत कामाचा सर्वात लांब, एकसुरी भागच नकोसा होत असेल तर इथेच थांबा. त्या दहा वस्तू नातेवाइकांना द्या आणि ट्रंकेतली पुढची वस्तू हातात घ्या.

दरम्यान डोळा तयार करत राहा. वडोदऱ्यात यासाठी जागा आहेत. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळ आहे. तिथे जाऊन जुनी बांधीव पुस्तकं हातात घ्या आणि मजकुराआधी पाठ बघा: कुठली सुटली, कुठली टिकली, शिवण कुठे दिसते. जुन्या शहरातल्या प्रेसमध्ये अजूनही हाताने बांधणारे कारीगर भेटतात. त्यांच्याजवळ चार वेळा नुसतं उभं राहिलं तरी पुस्तक दाबून धरणाऱ्या शिकंज्यात ते कसं बसवायचं हे कळतं. "काका, जरा बघू का?" एवढं विचारलं की बहुतेक जण स्टूल सरकवतात.

चौथी पायरी: हिशोब, आणि मग काय विकायचं ते

पुढचे आकडे वहिनींच्या वहीचे आहेत. दर बदलतात, तुम्ही आपले घाला, पण रकाने हेच ठेवा. कागद 25 रुपये, पुठ्ठा 15, कापड 25, दोरा-गोंद-जाळी 10, छाटणीचा वाटा 5. साहित्याचे झाले 80. दहाच्या लॉटमध्ये एका वहीला हाताखालचा वेळ 50 मिनिटं पडला, वाळण्याचा वेळ धरायचा नाही. तासाला 120 रुपये मजुरी धरली तर 100 रुपये. वाया जाणारं, पॅकिंग वगैरे मिळून 20. म्हणजे वही घरातच 200 रुपयांना पडली.

पुष्कळ जण मजुरीचा रकाना सोडून देतात आणि म्हणतात, "माझा वेळ काय, घरचाच आहे." मग 150 ला वही विकून सत्तर रुपये सुटल्याचा आनंद होतो, आणि वर्षाने हात दुखायला लागल्यावर मदतनीस ठेवायचा तर पैसे कुठून देणार? मजुरी पहिल्या दिवसापासून लिहा, स्वतःला दिली नाहीत तरी.

दुकानात ठेवली तर दुकानदाराचा वाटा येतो. तो 35 टक्के धरला तर 200 रुपये हातात पडायला छापील किंमत 308 हवी. थोडी गंगाजळी राहावी म्हणून वहिनींनी 350 ठरवली, त्यातून हातात साधारण 227 येतात. कारखान्यातली तेवढ्याच पानांची वही याच्या कितीतरी खाली मिळते, तेव्हा साधी कोरी वही हाताने करून तिच्याशी स्पर्धा होऊ शकत नाही. हे कळलं तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला. पण याचा अर्थ कौशल्य फुकट गेलं असा होत नाही. हाताने बांधण्याची ज्याला खरंच गरज आहे असं गिऱ्हाईक शोधायचं.

आमच्या शहरात असे तीन प्रकार सापडले. फाइन आर्ट्सला शिकणारी मुलं, ज्यांना ठराविक मापाची, जाड कागदाची, सपाट उघडणारी स्केचबुकं हवी असतात. दिवाळीत चोपडापूजन करणारे व्यापारी, ज्यांच्यापैकी काही जण हिशोब संगणकावर ठेवत असले तरी पूजेला पेढीचं नाव घातलेला लाल कापडाचा चोपडा मागतात. आणि तिसरे, आपलेच लोक: वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या हस्तलिखित वह्या, पाककृती, वंशावळी, पाठ सुटलेली पुस्तकं कपाटात पडलेली असतात. ती फेकवत नाहीत आणि हाताळवतही नाहीत.

वहिनींनी तिसरं मुख्य ठेवलं आणि चोपडे हंगामी. त्यांची पहिली दुरुस्ती अर्थातच आजोबांची भजनांची वही. यावेळी पुठ्ठ्याचा ग्रेन उभा घेतला, अस्तर त्याच दिवशी लावलं, वजनाखाली ठेवलं. पुठ्ठा सरळ राहिला. तीच वही नमुना म्हणून दाखवून त्यांना पुढची कामं मिळाली.

दुरुस्तीचं काम घेताना नाही म्हणायलाही शिकावं लागतं. आधी एका कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढे-मागे दुमडून बघा. एक-दोन घड्यांत तुकडा पडला तर कागद ठिसूळ झालाय. तो शिवला तर शिवणीच्या रेषेवरच तुटेल. अशा वहीला मापाची पुठ्ठ्याची पेटी करून द्या, शिवू नका. हस्तलिखित असेल तर शाईवर कोपऱ्यात ओला कापूस टेकवून बघा. रंग उतरला तर खळ पानांच्या जवळही नको. सेलोटेप लावून आणलेली पानं गिऱ्हाइकासमोर दाखवून लिहून घ्या, कारण ती टेप ओढताना अक्षरं निघू शकतात. लॅमिनेशन कुणी मागितलं तर समजावून नकार द्या. आणि वस्तू खरोखर जुनी पोथी असेल तर तिला सुईही लावू नका, आधी इथल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरासारख्या ठिकाणच्या जाणकारांना दाखवायला सांगा.

दुरुस्तीचा दर वहीवर ठरवू नका, कामाच्या टप्प्यांवर ठरवा. जुनी शिवण उसवून जुज मोकळे करणं, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाची पट्टी लावणं, परत शिवणं, नवीन कव्हर, प्रत्येकाचा वेळ वेगळा टिपा. काम हातात घेताना प्रत्येक पानाचा क्रम पेन्सिलीने बारीक कोपऱ्यात टाका आणि फोनवर फोटो काढून ठेवा. एकदा जुज सुटे झाले की बिनआकड्यांच्या भजनांचा क्रम घरच्यांनाही आठवत नाही.

पाचवी पायरी: मर्यादा आधीच ठरवा

सहा महिने आणि ठराविक रक्कम, या दोन रेघा आधी आखा. सुरुवातीला लागणारं साहित्य फार नाही: भोकं पाडायची अरी, सुया, हाडाची पट्टी, स्टीलची पट्टी, कटर, दोन फळ्या, एक लहान शिकंजा. बँकेत वेगळं खातं काढा. धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळला की हिशोबाची वही कितीही सुबक बांधली तरी उपयोगाची राहत नाही. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर विनामूल्य होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी लगेच लागत नाही: गुजरातेत नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि दुरुस्तीसारखी सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंतच्या उलाढालीला सूट आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर मात्र आधी सीएंना विचारा, तिथे नियम वेगळे लागतात.

चोपड्यांसाठी नवरात्राच्या आधीच ऑर्डरी घ्यायला लागा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण पेढीचं नाव घातलेला चोपडा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पावसाळ्यात कव्हर चिकटवण्याचं काम कमी ठेवा आणि त्या दिवसांत घड्या-शिवण उरकून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरची कोरडी हवा लागताच कव्हरं झपाट्याने होतात.

सहा महिन्यांनी किती विकलं हे बघायच्या आधी परत कोण आलं ते बघा. ओळखीचे लोक कौतुकाने एकदा घेतातच. एकाचं काम पाहून दुसरा अनोळखी माणूस आपली वही घेऊन आला, किंवा तोच गिऱ्हाईक दुसरी घेऊन आला, तर काम चालू ठेवा. असं कुणीच आलं नसेल तर आणखी पैसा घालू नका. गिऱ्हाइकाचा प्रकार बदलून, स्केचबुकांकडे वळून, अजून एक हंगाम बघा आणि मगच ठरवा.

पहिलं मोठं यंत्र म्हणून कटिंग मशीन घ्यायची घाई पुष्कळ जण करतात. छाटणी प्रेसमध्ये थोडक्या पैशांत होते आणि मशीन जागा अडवून बसतं. प्रेसच्या फेऱ्यांतच तुमचा अर्धा दिवस जायला लागला की मग त्याचा विचार करा. वहिनींनी त्याऐवजी जास्तीचे पैसे मोठा शिकंजा आणि चांगला दिवा यांवर घातले, कारण शिवण संध्याकाळी चालते आणि पांढऱ्या कागदावर पांढरा दोरा पिवळ्या उजेडात दिसत नाही.